उन्हाळ्यातल्या संध्याकाळी स्प्रिट्झ: हलकं ठेवायचं असेल तर हिशोब ग्लासात ओतायच्या आधी करा

संभाजीनगरच्या हॉटेलांच्या मेन्यूत आता स्प्रिट्झ, म्हणजे फेसाळ वाईन, कडवट-गोड दारू आणि सोडा यांचं पेय, दिसू लागलंय, लग्नाच्या कॉकटेल पार्टीत तर केशरी रंगाचे ग्लास हमखास फिरतात, आणि लोक ते सरबतासारखं गटागटा पिऊ लागलेत. रंग संत्र्याचा, वर फळाची फोड, चव गोडूस-कडू, फेस छान, त्यामुळं सगळ्यांना वाटतं की यात काहीच नाही. पण नेहमीच्या मापानं बनवलेला एक ग्लास स्प्रिट्झ म्हणजे दारूच्या हिशोबात आपल्या 30 एमएलच्या स्मॉल पेगपेक्षा जास्त भरतो. म्हणून या लेखात फक्त एकच गोष्ट धरलीय, ती म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या गरमीत, इथं मिळणाऱ्या सामानात, स्प्रिट्झ खरोखर हलकं कसं ठेवायचं आणि तरीही ते पांचट कसं होऊ द्यायचं नाही.

हे पेय मूळ इटलीच्या व्हेनेतो भागातलं. तिकडं ऑस्ट्रियाचं राज्य होतं तेव्हा सैनिकांना आणि व्यापाऱ्यांना तिथली वाईन कडक वाटायची म्हणून ते त्यात पाणी घालून प्यायचे, पुढं पाण्याच्या जागी सोडा आला आणि मग कडवट लिक्योर, म्हणजे साखर घातलेली सुगंधी दारू. अपेरोल हे त्यातलं सगळ्यात माहितीचं लिक्योर 1919 मध्ये पाडुआ शहरात बाजारात आलं. म्हणजे सुरुवातीपासून या पेयाचा उद्देशच वाईन पातळ करणं हा होता, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी हिशोब

जगभर जे माप चालतं ते 3-2-1 चं: 90 एमएल स्पार्कलिंग वाईन, 60 एमएल कडवट लिक्योर, 30 एमएल सोडा. वाईन आणि अपेरोल दोन्ही साधारण 11 टक्क्यांचे धरा. 90 चे 11 टक्के झाले 9.9 एमएल, 60 चे 6.6, एकूण 16.5 एमएल शुद्ध अल्कोहोल. आता 42.8 टक्केवाल्या व्हिस्कीचा स्मॉल काढून बघा, 30 एमएलमध्ये 12.8 एमएल अल्कोहोल निघतं. किंवा 5 टक्क्यांची 330 एमएलची बिअरची बाटली घ्या, त्यात बरोबर 16.5. म्हणजे एक स्प्रिट्झ म्हणजे एक छोटी बिअर, पण बिअरची बाटली संपायला अर्धा तास लागतो आणि स्प्रिट्झचा ग्लास, त्यात आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन, दहा मिनिटांत खाली.

आता मी जे माप वापरते आणि घरी येणाऱ्यांना देते ते सांगते. 60 एमएल वाईन, 30 एमएल लिक्योर, 90 एमएल सोडा. वाईन 12 टक्क्यांची धरली (आपल्या नाशिकच्या बाटल्या साधारण तेवढ्याच असतात, लेबल बघून घ्या) तर 7.2 आणि लिक्योरचे 3.3, मिळून 10.5 एमएल. ग्लास तेवढाच 180 एमएलचा, पण ताकद नऊ टक्क्यांवरून सहाच्या खाली येते, आणि बर्फ थोडा विरघळला की पाचच्या आसपास. असे दोन ग्लास मिळून 21 एमएल होतात, एका लार्ज पेगपेक्षाही कमी.

बरेच जण काय करतात, 3-2-1 नं ग्लास बनवतात आणि मग "जरा कडक झालं" म्हणून वरून सोडा ओततात. त्यानं दारू कमी होत नाही, ग्लासात आहे तेवढीच राहते, फक्त आता ती जास्त पाण्यात आहे आणि आपण तीही पिणारच. हलकं करायचं म्हणजे वाईन आणि लिक्योर मोजून कमी ओतायचं. त्यासाठी मापाचं झाकण किंवा 30 एमएलचा पेग मेजर लागतोच, अंदाजानं ओतलं की हात सैलच पडतो, विशेषतः पाहुण्यांसमोर.

कमी करायचं तर वाईन की लिक्योर? माझं मत, लिक्योर आधी कमी करा. त्यात साखर भरपूर असते आणि जिभेवर जो जडपणा, चिकटपणा येतो तो सगळा तिथून येतो. 60 चं 30 केलं तरी कडवटपणा आणि संत्र्याच्या सालीचा वास पुरेसा उरतो, पण तोंड गोड-गोड होत नाही.

सामान काय घ्यायचं

वाईन. इटलीत प्रोसेको वापरतात, ती ग्लेरा नावाच्या द्राक्षाची असते आणि तिचे बुडबुडे मोठ्या टाकीत तयार केलेले असतात. आपल्याकडं नाशिकची सुला ब्रूट किंवा शाँडॉं ब्रूट सहज मिळते, त्यांच्यात बुडबुडे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून तयार होतात त्यामुळं थोडी पावासारखी भाजकी चव असते, स्प्रिट्झमध्ये ती जाणवत नाही म्हणून महागातली बाटली यात घालू नका. बघायचं ते एकच, लेबलवर "ब्रूट", म्हणजे कमी गोड, लिहिलेलं पाहिजे. प्रोसेको घेत असाल तर इथं हमखास फसायला होतं, "एक्स्ट्रा ड्राय" लिहिलेली बाटली ब्रूटपेक्षा गोड असते, नाव ऐकून उलटं वाटतं. "डेमी सेक" तर बरीच गोड. लिक्योर आधीच गोड, त्यात वाईन गोड, मग कितीही सोडा घाला ते हलकं लागणार नाही.

लिक्योर. अपेरोल 11 टक्क्यांचं, केशरी, कडवटपणा सौम्य. कंपारी लाल, 25 टक्क्यांची असते आणि चांगलीच कडू. दोन्ही इम्पोर्टेड, संभाजीनगरच्या मोठ्या वाईन शॉपमध्ये विचारून बघा, लातूर-नांदेड-परभणीकडं बहुतेक दुकानदाराला आधी सांगून ठेवावं लागतं. महत्त्वाचं हे की अपेरोलच्या जागी कंपारी तेवढीच घालायची नाही. 60 एमएल कंपारीत 15 एमएल शुद्ध अल्कोहोल असतं, वाईन धरून ग्लास 25 एमएलच्या घरात जातो, म्हणजे जवळजवळ लार्ज पेगच झाला आणि दिसायला मात्र तोच सरबताचा रंग. कंपारीच असेल तर 20 एमएल घ्या, वाईन 60, सोडा 90, आणि 15 एमएल ताजा मोसंबीचा रस टाका, तो कडवटपणाला टेकू देतो.

सोडा. साधा क्लब सोडा. टॉनिक वॉटर नको, त्यात साखर आणि वरून आणखी एक कडवटपणा असतो. गोटी सोडा मला मनापासून आवडतो पण तो यात घालायच्या आधी नुसता एक घोट पिऊन बघा, बऱ्याच ठिकाणी त्यात मीठ किंवा लिंबाचा फ्लेवर असतो. आणि दोन लिटरची मोठी बाटली घेऊ नका, चार ग्लास झाले की तिचा गॅस निघून जातो. छोट्या बाटल्या घ्या आणि लागेल तशी एकेक फोडा.

मोसंबी. तिकडं संत्र्याची फोड घालतात, व्हेनिसला तर खारवलेलं हिरवं ऑलिव्हही टाकतात. आपल्याकडं जालन्याची मोसंबी असताना संत्री शोधत फिरायची गरज नाही. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकनही आहे. फरक एवढाच की मोसंबीत आंबटपणा कमी असतो, त्यामुळं पेय थोडं गुळचट लागतं, त्यावर उपाय म्हणजे कागदी लिंबाचे चार-पाच थेंब, जास्त नाही. साल नीट घासून धुवा कारण ग्लासात सालीसकट फोड जाते आणि अर्धा वास सालीतल्या तेलाचाच असतो. रस मात्र आधी काढून ठेवू नका, मोसंबीचा रस ठेवला की कडू पडतो, ज्यूस सेंटरवाल्याला विचारा तोही हेच सांगेल.

बर्फाकडं कुणी लक्ष देत नाही

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आणि खारट. त्याच पाण्याचा बर्फ केला की तो पांढरट होतो आणि विरघळताना ग्लासात खारेपणा सोडतो, आणि हलक्या पेयात तो लगेच कळतो, कारण लपायला जागाच नसते. म्हणून बर्फ आरओच्या किंवा जारच्या पाण्याचा, आदल्या रात्री लावून ठेवलेला, आणि ट्रेचे खण जितके मोठे तितकं चांगलं. लादीवाल्याकडून बर्फ आणत असाल तर तो खाण्याचा आहे ना ते विचारा, निळसर बर्फ तर खाण्यासाठी नसतोच.

आणि बर्फ कमी घालू नका. "पाणी होईल" म्हणून लोक दोनच खडे टाकतात आणि नेमकं त्यामुळंच पाणी होतं, कारण दोन खड्यांना सगळा ग्लास गार करायचा असतो, ते भराभर विरघळून जातात आणि पेय तरीही कोमटच. ग्लास काठापर्यंत बर्फानं भरला, आणि वाईन, सोडा, लिक्योर तिन्ही आधीच फ्रीजमधून काढलेलं असलं, की बर्फाला काम कमी उरतं आणि तो टिकतो.

गारपणाचा दुसरा फायदा बुडबुड्यांचा. पाण्यात 4 अंशाला जेवढा गॅस राहू शकतो त्याच्या साधारण निम्माच 25 अंशाला राहतो, आणि आपल्या गच्चीवर मे महिन्यात संध्याकाळी सातलासुद्धा पारा 25 च्या कितीतरी वर असतो. कोमट सोडा ग्लासात ओतला की जो जोरात फसफसतो तो गॅस पळून जाण्याचाच आवाज आहे. बुडबुडे गेले की पेय जड आणि गोड लागतं, दारू तेवढीच असली तरी. हलकेपणा निम्मा मापात आहे आणि निम्मा इथं.

आता एक संध्याकाळ पूर्ण करून बघू

समजा शनिवारी घरी सहा जण आहेत, मे महिना, गच्चीवर बसायचंय, प्रत्येकी दोन ग्लास. म्हणजे बारा ग्लास. वाईन 60 गुणिले 12 म्हणजे 720 एमएल, बाटली 750 ची, बरोबर एक बाटली संपते आणि हे मुद्दाम धरलेलं आहे, कारण स्पार्कलिंग वाईन एकदा उघडली की दुसऱ्या दिवशी तिच्यात दम नसतो. लिक्योर 360 एमएल. सोडा 1080 एमएल, म्हणजे 300 च्या चार बाटल्या, एक जास्तीची ठेवा. मोसंब्या तीन, लिंबं दोन, आणि बर्फ अंदाजे तीन किलो, आपल्या हवेत त्यापेक्षा कमी पुरत नाही.

बाटली दुकानातून आणताना गाडीच्या डिकीत टाकू नका, पायाशी एसीत ठेवा. उन्हात तापलेली आणि रस्त्यावर हिंदकळलेली बाटली उघडली की निम्मी गच्चीवर सांडते. सकाळीच फ्रीजमध्ये आडवी किंवा उभी कशीही ठेवा, तीन-चार तास तरी मिळाले पाहिजेत. लाईट गेली तर बादलीत बर्फ आणि पाणी समसमान, त्यात मूठभर मीठ, बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस-पंचवीस मिनिटांत गार होते. नुसत्या बर्फात खुपसून ठेवली तर जास्त वेळ लागतो कारण खड्यांच्या मधे हवा असते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका, बाटली फुटते.

ग्लास मोठ्या पोटाचे, 350-400 एमएलचे. वाईन ग्लास नसले तर घरातले मोठे काचेचे चालतात. ते कपड्यानं पुसू नका, उलटे ठेवून निथळू द्या, कापडाचे तंतू आत राहिले की तिथूनच बुडबुडे सुटत राहतात आणि फेस लवकर मरतो.

बाटली उघडताना तोंड माणसांकडं नको. तारेची जाळी सहा अर्धे फेरे फिरवली की सुटते, ती सैल झाल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरपी धरा, बूच घट्ट पकडा आणि बूच नाही तर बाटली फिरवा. बारीक सुस्कारा आला म्हणजे बरोबर उघडली, मोठा "फट्ट" आवाज म्हणजे गॅस वाया.

मग ओतायचा क्रम. आधी बर्फ काठापर्यंत, त्यावर मोसंबीची फोड कडेनं सरकवा. मग वाईन 60, बर्फाच्या अंगावरून हळू. मग लिक्योर 30, गोल फिरवत. शेवटी सोडा 90. लिक्योर साखरेमुळं जड असतं, ते वाईनवर ओतलं की खाली जाता जाता स्वतःच मिसळतं. तेच आधी तळाशी ओतलं तर तिथंच बसून राहतं, मग चमच्यानं ढवळावं लागतं आणि ढवळलं की बुडबुडे गेले. शेवटी लांब चमचा तळापर्यंत घालून बर्फ एकदा फक्त वर उचलायचा, बस. लिंबाचे थेंब वरून.

एका ग्लासचा पहिला घोट घेऊन रंग बघा. तळाला गडद केशरी आणि वर फिकट असेल तर मिसळलं नाही, आणखी एकदा बर्फ उचला. सगळीकडं एकसारखा, नेहमीच्या स्प्रिट्झपेक्षा थोडा फिका केशरी रंग आला म्हणजे माप बरोबर.

आमचे दाजी पहिल्यांदा हा ग्लास बघून म्हणाले, "ताई, यात आहे का काही?" मी म्हटलं दाजी, दहा मिनिटं थांबून दुसरा मागा. त्यांनी खरंच थांबून प्यायलं आणि दुसरा ग्लास पुरवून पुरवून अर्धा तास चालवला. हलकं पेय सावकाश प्यायलं तरच हलकं राहतं, म्हणून प्रत्येकाच्या शेजारी साध्या पाण्याचा तांब्या-ग्लास ठेवा. तहान पाण्यानं भागवायची, स्प्रिट्झनं नाही, आपल्या उन्हात ही गडबड सगळ्यात जास्त होते.

बिघडलं तर कसं ओळखायचं

पांचट लागतंय आणि बुडबुडेही नाहीत, तर सोडा कोमट किंवा जुना होता, नवीन गार बाटली फोडा, वाईन वाढवू नका. पांचट लागतंय पण बुडबुडे आहेत, तर बर्फ कमी पडून पाणी झालंय किंवा मोसंबी गोड निघालीय, लिंबाचे दोन थेंब आणखी टाका, आंबटपणानं चव उभी राहते. ओठ चिकट होतायत तर वाईन ब्रूट नाही किंवा लिक्योर न मोजता ओतलंय. घशाशी कडवटपणा रेंगाळतोय तर फोडीत सालीखालचा पांढरा भाग जास्त आहे किंवा फोड ग्लासात चिरडली गेलीय, ती चमच्यानं दाबू नका.

सोबत खायला काय? खारे शेंगदाणे, भाजलेल्या शेंगा, काकडी, सुशीला, हिवाळा असेल तर हुरडा. तिखट मात्र आवरा. काळ्या मसाल्याचं मटण किंवा झणझणीत ठेचा यासोबत बुडबुडे आणि कडवटपणा दोन्ही जिभेवर आग वाढवतात, मग माणूस आग विझवायला भराभर पितो आणि हिशोब कोलमडतो. जेवण तिखट असेल तर स्प्रिट्झ जेवणाआधी संपवा. रिकाम्या पोटी मात्र अजिबात नको.

गाडी चालवणाऱ्याचं वेगळं सांगते. कायद्यातली मर्यादा 100 एमएल रक्तात 30 मिलीग्रॅमची आहे, आणि बारीक अंगाच्या माणसाला या हलक्या मापाचे दोन ग्लाससुद्धा पटापट घेतले तर त्याच्या वर नेऊ शकतात. त्यामुळं ज्याला चालवायचंय त्याला मोसंबी, लिंबू, सोडा आणि भरपूर बर्फ असाच ग्लास द्या, दिसायलाही छान दिसतो. मेट्रोनिडॅझोलसारखी पोटाची गोळी चालू असेल त्यानं घेऊच नये, मळमळ-उलट्या होऊ शकतात, आणि शुगरवाल्यांनी लिक्योरमधली साखर लक्षात घेऊन डॉक्टरांना आधी विचारावं. परमिट जवळ ठेवा, आणि लिक्योर ही हार्ड दारूत मोडते त्यामुळं आपल्या राज्यात ती 25 च्या आतल्या पोरांना देता येत नाही, घरातली असली तरी.

लिक्योरची बाटली उरणारच, जवळजवळ निम्मी. आपल्या उन्हाळ्यात ती कपाटात ठेवू नका, फ्रीजमध्ये झाकण घट्ट लावून ठेवा, काही महिने चांगली राहते. वाईन उघडायची नसेल त्या दिवशी याच बाटलीतलं 30 एमएल, 120 एमएल गार सोडा, मोसंबीची फोड आणि काठोकाठ बर्फ असा ग्लास करून बघा, दोन टक्क्यांच्या आसपास ताकद बसते आणि चव मात्र स्प्रिट्झचीच लागते.